कीर्तनाच्या व्हिडिओत शेवटी शेवटी टाळ आणि आवाज जुळत नाही: दोन फोन, मिक्सरचा ऑडिओ आणि उभे कट

दोन फोनवर कीर्तन शूट करणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. मिक्सरमधून रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला व्हिडिओशी एकदम बरोबर बसवला, पहिल्या गजराला सगळं जुळतंय, आणि दीड तासानंतर बघितलं तर टाळ वाजून गेल्यावर आवाज येतोय, महाराजांचे ओठ आधी आणि शब्द मागून. मग कोणी आवाज थोडा पुढे ओढतं, तर शेवट जुळतो पण सुरुवात बिघडते. हे परत परत होतं, फोन बदलला तरी होतं, आणि बहुतेक जण खापर एडिटिंग ॲपवर फोडून मोकळे होतात. पण कारणं ठरलेली आहेत आणि नेमकं कुठलं कारण आहे ते पाच मिनिटात कळतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी एक गोष्ट, तपासणी वायरवाल्या हेडफोनवर करा. ब्लूटूथवर आवाज मुळातच उशिरा पोचतो, दहावा-पाचवा भाग सेकंदाचा सहज, आणि एडिटिंग करताना तो उशीर ॲप नीट भरून काढेलच असं नाही. म्हणजे चांगला जुळलेला व्हिडिओ तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवून बसाल.

आता तपासायचं कसं. पूर्ण कीर्तनात तीन जागा घ्या, सुरुवातीचा गजर, मधला एखादा चालीचा अभंग आणि शेवटी "पुंडलिक वरदे"च्या आसपासचा टाळांचा गजर. तिन्ही ठिकाणी टाळकरी दिसणारी फ्रेम शोधा. टाळ हे या कामासाठी सगळ्यात भारी साधन आहे, टाळी मारायची किंवा क्लॅप दाखवायची काही गरजच नाही. एकेक फ्रेम पुढे सरकवा, दोन टाळांमधली फट कमी कमी होत जाते, एका फ्रेममध्ये कडा एकमेकांवर टेकलेल्या दिसतात आणि पुढच्याच फ्रेममध्ये परत फट. ती टेकलेली फ्रेम म्हणजे तुमची खूण. आता खाली मिक्सरच्या ऑडिओची लाट झूम करून बघा, टाळाचा ठोका तिथे सरळ उभा सुळका दिसतो, तो त्या फ्रेमपासून किती फ्रेम लांब आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. एकाच टाळकऱ्याकडे बघा हं, सगळे जण अगदी एकाच क्षणी वाजवत नाहीत.

तीन आकडे हातात आले की चित्र स्पष्ट होतं. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर फक्त बसवताना चूक झालीय, सगळा ट्रॅक तेवढ्या फ्रेम सरकवा, काम संपलं. फरक हळूहळू वाढत गेला असेल, मध्ये थोडा आणि शेवटी त्याच्या दुप्पट, तर घड्याळाचा घोळ आहे, त्याचं खाली सविस्तर सांगतो. आणि एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे एकदम झटका मारून फरक पडला असेल तर तिथे फाईल तुटलीय. काही फोन लांब रेकॉर्डिंग करताना ठराविक आकार झाला की नवीन फाईल सुरू करतात आणि दोन फाईलींच्या मध्ये काही फ्रेम गळून जाऊ शकतात. अशा वेळी दुसरी फाईल पहिलीला चिकटवून नका ठेवू, तिला स्वतंत्र टाळाच्या खुणेवर बसवा आणि मध्ये जी बारीक फट राहते तिथे दुसऱ्या फोनचा शॉट टाका. फोन आल्यामुळे रेकॉर्डिंग तुटलं तरी हाच उपाय, पण मुळात दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाकले तर ती वेळच येत नाही.

हळूहळू वाढणाऱ्या फरकात पण दोन प्रकार आहेत आणि इथेच लोक गोंधळतात. मिक्सरचा ऑडिओ बंद करा आणि फोनचा स्वतःचा आवाज लावून शेवटचा गजर बघा. फोनचा स्वतःचा आवाजसुद्धा एडिटरमध्ये चित्राशी जुळत नसेल, पण तीच फाईल फोनच्या गॅलरीत बघितली की बरोबर वाटत असेल, तर व्हिडिओचा फ्रेमरेट बदलता आहे. फोन उजेड कमी झाला किंवा तापला की फ्रेम कमीजास्त करतो, प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून दाखवतो म्हणून तिथे कळत नाही, पण काही एडिटर सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात. मीडियाइन्फो नावाच्या फाईलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये फाईल उघडली की `Frame rate mode: Variable` असं लिहिलेलं दिसेल. यावर उपाय म्हणजे एडिटिंगला बसण्याआधी फाईल एकसारख्या फ्रेमरेटला बदलून घेणं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या ॲपमध्ये `Constant Framerate` निवडून होतं, किंवा कमांड लिहून चालवायच्या एफएफएमपेगवर असं:

```
ffmpeg -i phone_b.mp4 -fps_mode cfr -r 25 -c:v libx264 -crf 17 -c:a copy phone_b_cfr.mp4
```

तुम्ही 30 ला शूट केलं असेल तर 25 च्या जागी 30 लिहा, उगाच बदलू नका.

आणि फोनचा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत बरोबर आहे, फक्त मिक्सरचा सरकतोय, असं असेल तर ते घड्याळ. प्रत्येक उपकरणात वेळ मोजणारा स्फटिक असतो आणि रेकॉर्डर 48000 नमुने दर सेकंदाला घेतोय असं म्हणतो तेव्हा त्याचा सेकंद आणि फोनचा सेकंद केसभर वेगळा असतो. पाच मिनिटांच्या गाण्यात हा फरक कळतच नाही, म्हणून लग्नाचे आणि गाण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांना हा त्रास माहीतच नसतो. कीर्तन दोन तास चालतं, तिथे तो केसभर फरक साठत जातो आणि नेमका टाळासारख्या टोकदार आवाजावर दिसतो.

एका सप्ताहातल्या कीर्तनाचं उदाहरण देतो म्हणजे हिशोब कळेल. पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत 1 तास 58 मिनिटं, म्हणजे 7080 सेकंद. दोन्ही फोन 25 फ्रेमवर, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. सुरुवातीला फरक शून्य, मध्यावर मिक्सरचा आवाज 4 फ्रेम उशिरा, शेवटी 8 फ्रेम उशिरा. मध्ये निम्मा आणि शेवटी पूर्ण, म्हणजे सरळ रेषेत वाढलाय, घड्याळच. 8 फ्रेम म्हणजे 0.32 सेकंद. हे एडिटरमध्ये स्पीड बदलून दुरुस्त करायला गेलं तर 100.0045 टक्के असा स्पीड लागतो, आणि बऱ्याच एडिटरमध्ये दशांशानंतर दोनच आकडे टाकता येतात. 100.01 टाकलं तर शेवटी आवाज उलटा पुढे पळतो, आधीपेक्षा वाईट.

म्हणून सोपा मार्ग असा की ऑडिओ फाईललाच सांगायचं की तुझा सेकंद 48000 चा नाही, थोडा जास्तीचा आहे. 7080 सेकंद भागिले 48000 केलं की 0.1475 येतं, म्हणजे नमुन्यांच्या आकड्यात 1 वाढवला की या कीर्तनाच्या शेवटी आवाज 0.1475 सेकंद अलीकडे येतो. आपल्याला 0.32 अलीकडे आणायचाय, 0.32 भागिले 0.1475 म्हणजे 2.17, म्हणजे 2 वाढवायचे:

```
ffmpeg -i mixer.wav -af "asetrate=48002,aresample=48000" -c:a pcm_s24le mixer_fix.wav
```

शेवटी 25 मिलिसेकंदांचा फरक उरतो, एका फ्रेमपेक्षा कमी, डोळ्याला कळत नाही. सुरात जो बदल होतो तो इतका बारीक आहे की पेटीवाल्यालासुद्धा ऐकू येणार नाही. आवाज उशिरा न येता आधी येत असेल तर 48002 ऐवजी 47998 अशा बाजूला जायचं. आणि एक चांगली गोष्ट, त्याच रेकॉर्डर आणि त्याच फोनची जोडी असेल तर पुढच्या वेळी पण साधारण हाच आकडा लागतो, तरी तीन खुणा तपासायच्याच, कारण उन्हातल्या मंडपात आणि थंडीच्या रात्री स्फटिक थोडा वेगळा वागतो.

एफएफएमपेगच्या भानगडीत पडायचं नसेल तर ऑडिओचे तुकडे करा. महाराज अभंगाचं एक चरण संपवून निरूपणाला लागतात तिथे क्षणभर शांतता असते, साधारण पंधरा मिनिटांनी अशी जागा मिळतेच, तिथे कापा आणि पुढचा सगळा भाग एक फ्रेम अलीकडे घ्या. या कीर्तनात 8 फ्रेमचा फरक होता म्हणजे सात-आठ कापण्यात बसतं. फक्त चालू गजरात कापू नका, ठोका तिथे अडखळतो आणि पखवाज ऐकणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

आता एक बारीक मुद्दा जो ऑटो सिंक वापरणाऱ्यांना छळतो. एडिटर फोनच्या आवाजाची लाट आणि मिक्सरची लाट जुळवून देतो, पण फोनपर्यंत आवाज हवेतून आलाय. हवेत आवाजाला एका मीटरला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. समोरचा फोन स्टेजपासून 15 मीटरवर असेल तर त्याच्यात आवाज 44 मिलिसेकंद उशिरा पोचलाय, म्हणजे एक फ्रेमपेक्षा थोडा जास्त, आणि ऑटो सिंकने मिक्सरचा ऑडिओ त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवलाय. म्हणून ऑटो सिंक झालं की मिक्सरचा ट्रॅक एक फ्रेम अलीकडे सरकवायचा आणि टाळावर खात्री करायची. मंडपात मागच्या बाजूला वेगळे कर्णे किंवा बॉक्स लावले असतील तर फोनने स्टेजचा आवाज घेतलाय की त्या बॉक्सचा हे पण बघावं लागतं, म्हणून शेवटचा शब्द डोळ्याचा, लाटेचा नाही.

मिक्सरमधून आवाज घेण्याबद्दल. सगळ्यात जास्त वाट लागते ती मिक्सरचं मेन आऊट सरळ फोनच्या माईकच्या जागेत घातल्याने. मिक्सर व्होल्टच्या आसपास देतो आणि फोन माईकच्या काही मिलिव्होल्टची वाट बघत असतो, मग आवाज फाटतो आणि तो नंतर कुठल्याच फिल्टरने दुरुस्त होत नाही. लाईन-इन असलेला छोटा रेकॉर्डर घ्या, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह. 44.1 वर ठेवू नका, व्हिडिओ 48 वर चालतो, उगाच एक रूपांतर वाढतं. लेव्हल गजराला लावा, निरूपणाला नाही. महाराज बोलत असताना लेव्हल लावली की गजर सुरू झाल्या झाल्या लाल दिवा लागतो. सर्वात मोठ्या गजराला काटा उणे 12 च्या आसपास राहील असं ठेवा.

साऊंडवाल्याशी कीर्तन सुरू व्हायच्या आधी बोला, सुरू झाल्यावर तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो आणि त्याचं बरोबरच आहे. "दादा, एखादा ऑक्स मोकळा आहे का, प्री-फेडर करून द्या, रेकॉर्डिंगला पाहिजे" एवढं म्हटलं की त्याला कळतं. ऑक्स म्हणजे मिक्सरमधून निघणारी वेगळी लाईन, आणि प्री-फेडर म्हणजे फेडर खालीवर केला तरी तिच्यावर फरक पडत नाही. प्री-फेडर कशाला, तर मंडपात शिट्टी वाजली की तो महाराजांचा फेडर खाली ओढणार, पखवाज जास्त झाला की तो कमी करणार, आणि मेन आऊटवरून घेतलं तर हे सगळं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येतं. शिवाय महाराजांच्या आवाजावर जो इको टाकलेला असतो तो मेनमध्ये येतो, ऑक्सवर वेगळा पाठवला नाही तर येत नाही. निरूपणाच्या क्लिपवर कोरडा आवाजच चांगला, इको नंतर हवा तेवढा टाकता येतो, काढता येत नाही. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, चार्जर लावला आणि घूं आवाज यायला लागला तर समजा अर्थिंगचा लूप झालाय, चार्जर काढा आणि ऐका.

पण फक्त मिक्सरच्या आवाजावर कीर्तन मेल्यासारखं वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो. टाळकऱ्यांसमोर माईक कमी असतात, टाळ बऱ्याचदा महाराजांच्या माईकमधूनच थोडेफार येतात, आणि समोर बसलेल्या लोकांचा "विठ्ठल विठ्ठल" तर मिक्सरमध्ये नसतोच. तो फोनच्या आवाजातून घ्यायचा, आणि जो फोन स्टेजच्या जवळ आहे त्याच्यातून, लांबच्या फोनमधून घेतला तर महाराजांचा शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरपेक्षा साधारण 12 ते 15 डेसिबल खाली ठेवा, गजरात थोडा वर आणा, निरूपणात परत खाली.

कॅमेरे. पहिला फोन समोर मध्यभागी, बसलेल्या लोकांच्या मागे, पण उंच स्टँडवर म्हणजे महाराजांच्या छातीच्या उंचीला येईल असा. खालून वर बघणारा शॉट दोन तास बघवत नाही. यात पूर्ण स्टेज, दोन्ही बाजूचे टाळकरी, मागचा विणेकरी सगळे यायला हवेत आणि हा फोन हलवायचा नाही. दुसरा फोन बाजूला, स्टेजजवळ, पखवाज ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे महाराज आणि त्यांच्या पलीकडे पखवाजवाला एकाच फ्रेममध्ये येतात. महाराज चाल बदलताना पखवाजाकडे वळून हाताने इशारा करतात, कीर्तनातला माझ्या मते सगळ्यात जिवंत क्षण तो असतो आणि समोरच्या फोनला तो कधीच नीट मिळत नाही. दोन्ही फोनवर फोकस आणि उजेड महाराजांच्या चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर मागे एलईडी पडदा उजळला की चेहरा काळा पडतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं तर दिव्यांचे पट्टे फिरत नाहीत. फ्रेमरेट दोन्ही फोनचा सारखाच, एक 25 आणि एक 30 असं अजिबात नको. तुमच्या एका फोनमध्ये 25 नसेलच तर दोन्ही 30 ला टाका.

आता उभे कट, म्हणजे मोबाईलवर उभ्या बघायच्या छोट्या क्लिप. हा भाग शूट करतानाच ठरतो. आडव्या 1080 च्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की रुंदी 608 पिक्सेलच उरते, ती 1080 ला ताणली की महाराजांचा चेहरा मऊ पडतो. आडव्या 4के मधून कापला तर 1215 मिळते, म्हणजे पुरून उरते. म्हणून दोन्ही फोन 4के वर ठेवायची जागा नसेल तर ज्या फोनमधून उभे कट काढायचेत तो बाजूचा फोन 4के वर ठेवा आणि समोरचा 1080 वर. आयफोनवर 4के 30 ला मिनिटाला साधारण 170 एमबी जातात, म्हणजे दोन तासांना 20 जीबीच्या वर, तेवढी जागा आधीच मोकळी करा, आणि कव्हर काढून ठेवा, 4के ला फोन तापतो.

फ्रेम धरायची एक युक्ती आहे. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा, तीन उभे रकाने दिसतात, मधला रकाना आणि उभ्या कटाची रुंदी जवळपास सारखीच असते. महाराज आणि त्यांचा पसरलेला हात मधल्या रकान्यात बसतोय का एवढं बघत राहायचं. फार जवळून घेतलं की हात कापला जातो, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ठेवलं की बरोबर बसतं.

उभा कट कच्च्या फाईलमधून कधीच काढू नका. आधी पूर्ण आडवं कीर्तन सिंक करून घ्या, मग त्याच टाइमलाइनची कॉपी करून उभी करा. कच्च्या क्लिपवर प्रत्येक वेळी नव्याने आवाज बसवायला गेलात की दर क्लिपमध्ये वेगळा फरक, आणि मग कोणी तरी खाली लिहितंच की ओठ जुळत नाहीत. बाजूच्या फोनचं घड्याळ तर समोरच्या फोनपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे ज्या दहा-बारा जागांचे कट काढायचेत तिथे तिथे त्या क्लिपला टाळावर परत तपासा, पूर्ण दोन तास घासत बसायची गरज नाही.

गजराच्या कटासाठी मला दोन मजली मांडणी आवडते, वर महाराज, खाली पखवाज किंवा टाळकरी. प्रत्येक मजला 1080 बाय 960, आणि आडव्या 1080 मधून त्या आकाराचा तुकडा 1215 रुंद निघतो, म्हणजे इथे 4के नसलं तरी चालतं, समोरच्या फोनचं फुटेज कामी येतं. पण इथे सिंक एकदम घट्ट पाहिजे, कारण पखवाजावरचा हात आणि महाराजांचे ओठ एकाच वेळी डोळ्यासमोर असतात, दोन फ्रेमचा फरकसुद्धा खुपतो. शंका असेल तर आवाज एक फ्रेम उशिरा ठेवा, आधी नको. आवाज आधी आलेला माणसाला पटकन खटकतो, थोडा मागून आलेला चालतो, कारण लांबून बघताना तो तसाच येतो.

कट चरणाच्या सुरुवातीला सुरू करा आणि समेवर संपवा, निरूपणाचा असेल तर दृष्टांत पूर्ण होऊ द्या. अक्षरं टाकायची असतील तर खालचा पाव भाग सोडून टाका, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतं, अभंगाची ओळ त्याच्या मागे जाते.